मधलं पद कुठून फुटतं?

बाई, सा. न.

आम्ही तिघी तुमच्या जुन्या वर्गातल्या, तिघीही अजून सोलापुरातच आहोत. अवयव म्हटलं की तेव्हा पोटात गोळा यायचा. मग मध्येच कधीतरी ते जमायला लागलं आणि दहावीत तर आम्ही मधल्या सुट्टीत एकमेकींना अवयव घालायचो. आता माझा मुलगा नववीत आहे. मी त्याला सांगते, पहिल्या आणि शेवटच्या संख्येचा गुणाकार कर, मग त्याच्या अशा दोन संख्या शोध की मधली संख्या जुळेल. तो म्हणतो, "पण आई, त्या दोघांचा गुणाकारच का? कुणी सांगितलं?" मला उत्तर देता येत नाही, बाकीच्या दोघींनाही नाही. काल 6x² + 7x − 20 वर तासभर अडला आणि शेवटी "अवयव पडत नाहीत" असं लिहून झोपला. काय सांगू त्याला?

— तुमची एक विद्यार्थिनी, भवानी पेठ

पोरींनो,

पोरगा अडला नाहीये, त्याने बरोबर जागेवर बोट ठेवलंय. तुम्ही तिघींनी हे मला वर्गात विचारलं नव्हतं. वर्गात फार थोडी मुलं हे विचारतात, बाकीची "बाई म्हणाल्या म्हणून" करत राहतात. त्यामुळे आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर, मग त्या गणिताचं.

त्याला सांग, अवयव पाडायला बसूच नकोस, आधी गुणाकार कर. (2x + 5)(3x − 4) हे दोन कंस दे. एकच अट घाल: सारखी पदं एकत्र करायची नाहीत. जशी येतील तशी चारही लिहून ठेवायची. त्याच्या वहीत असं येईल:

6x² − 8x + 15x − 20

इथे हात थांबव. परीक्षेत आपण पुढची ओळ लिहितो, −8x आणि 15x मिळून 7x, आणि गणित संपतं. पण नेमकी त्याच ओळीत माहिती पुसली जाते. 7x कडे बघून ते 15 मधून 8 जाऊन झालंय, की 10 मधून 3 जाऊन, की 27 मधून 20, हे कुणाला कळणार? अवयव पाडायचे म्हणजे ही पुसलेली ओळ परत लिहायची. मधलं पद "फोडायचं" असं आपण म्हणतो खरं, पण ते आधी दोन पदांचंच होतं, आपण ते जोडून टाकलं होतं.

आता त्या चार पदांकडे त्याला नीट बघायला लाव. पहिला सहगुणक 6 आणि शेवटचा −20, यांचा गुणाकार −120. मधले दोन −8 आणि 15, त्यांचा गुणाकारही −120. योगायोग नाही. कंसांत चारच संख्या होत्या: 2, 5, 3 आणि −4. पहिलं पद 2 आणि 3 पासून झालं, शेवटचं 5 आणि −4 पासून. मधली दोन झाली ती तिरपी, 2 आणि −4 पासून एक, 5 आणि 3 पासून दुसरं. टोकाच्या दोघांचा गुणाकार करा की मधल्या दोघांचा, त्याच चार संख्या एकदा-एकदा येणार. जोड्या बदलल्या, माणसं तीच. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या संख्येचा गुणाकार करायचा: तो हरवलेल्या दोन संख्यांचाही गुणाकार असतो, आणि त्यांची बेरीज तर मधल्या पदात समोरच लिहिलेली आहे.

"कुणी सांगितलं?" याचं उत्तर एवढंच आहे. कंसांनी सांगितलं. असे पाच-सहा गुणाकार त्याने पदं एकत्र न करता केले, आणि प्रत्येकात टोकांचा आणि मधल्यांचा गुणाकार पडताळून बघितला, की हे त्याला पाठ करावं लागणार नाही.

आता कालचं गणित. तो "पडत नाहीत" वर कसा पोचला असेल याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे, कारण तुमच्या वर्गातही निम्मी मुलं याच वाटेने जायची. आठवीत अवयव शिकवायला सुरुवात होते ती x² + 5x + 6 सारख्या गणितांनी. तिथे x² चा सहगुणक 1 असतो, त्यामुळे शेवटच्या संख्येचेच दोन भाग केले तरी काम भागतं. हाताला तीच सवय लागते. मग समोर 6x² येतं आणि मूल फक्त 20 च्या जोड्या बघतं: 1 आणि 20, फरक 19. 2 आणि 10, फरक 8. 4 आणि 5, फरक 1. सात कुठेच नाही. मग "बाई, पडंनात ओ," असा सूर वर्गाच्या मागच्या बाकावरून यायचा. त्याची कालची कच्ची वही बघ. तिथे 20 च्या जोड्या असतील तर पद्धत त्याला येते, फक्त 6 ने गुणायचं राहिलंय. 120 च्या जोड्या असतील आणि तरी सुटलं नसेल, तर शोधण्यात गडबड आहे. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे, म्हणून आधी वही बघ, मग बोल.

शोधण्याबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते. अवघड वाटणं आणि मजा येणं यांच्यातली सीमारेषा मला कायम इथेच दिसली.

तुमच्या वर्गातली ती पूर्व भागातली मुलगी आठवते का, जिच्या घरी टॉवेलचे माग होते? घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि गणितात सुरुवातीला तुमच्याइतकीच रडकुंडीला आलेली. बाकीच्या पोरी 120 च्या जोड्या मनाला येतील तशा आठवायच्या, 10 आणि 12, मग 60 आणि 2, मग परत 10 आणि 12. ही मात्र घरी टॉवेलच्या थप्प्या लावून सरावलेली. एकशेवीस नग सारख्या थप्प्यांत किती तऱ्हांनी बसतात हे ती एका थप्पीपासून क्रमाने मांडायची. एक थप्पी 120 ची, दोन 60 च्या, तीन 40 च्या, चार 30 च्या, पाच 24 च्या, सहा 20 च्या. सात बसत नाहीत. आठ 15 च्या, नऊ बसत नाहीत, दहा 12 च्या. पुढे 12 थप्प्या 10 च्या, म्हणजे तीच जोडी उलटी, तिथे थांबायचं. एकही जोडी सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही.

तुझ्या मुलाला ह्या आठ जोड्या एकाखाली एक लिहायला सांग आणि प्रत्येकीसमोर फरक लिहायला सांग. 119, 58, 37, 26, 19, 14, 7, 2. तो रकाना बघितला की काहीतरी लक्षात येतंच: फरक सतत उतरत जातो. दोन संख्या जसजशा जवळ येतात तसतसा तो घटतो, मध्येच उसळी मारत नाही. म्हणजे मधलं पद लहान असेल तर वरून, 1 आणि 120 पासून, सुरुवात करण्यात अर्थ नाही. वर्गमुळापाशी जायचं. 120 चं वर्गमूळ 11 च्या जरा खाली आहे, तिथून उलटं चालायचं: 10 आणि 12 चा फरक 2, कमी पडला. त्याच्या आधीची जोडी 8 आणि 15, फरक 7. दोन पावलांत हाती लागलं. मधलं पद मोठं असेल, समजा 58x, तर मात्र वरून सुरुवात करायची.

फरक का आणि बेरीज का, हे चिन्ह सांगतं. टोकांचा गुणाकार ऋण आला तर दोन संख्यांची चिन्हं वेगळी, म्हणून फरक बघायचा, आणि मधल्या पदाचं चिन्ह मोठ्या संख्येला द्यायचं. इथे +7 आहे, म्हणून +15 आणि −8. गुणाकार धन आला तर बेरीज बघायची आणि दोघांनाही मधल्या पदाचंच चिन्ह.

आता त्याच रकान्याचा दुसरा उपयोग, आणि हा मला जास्त आवडतो. समजा गणित 6x² + 11x − 20 असतं. फरक 11 हवा. रकान्यात 14 आहे, त्याच्या लगेच खाली 7 आहे, आणि मध्ये दुसरी जोडीच नाही. म्हणजे 11 मिळणं शक्य नाही. आता त्याने "अवयव पडत नाहीत" असं लिहिलं तर ते हात टेकणं नाही, ते सिद्ध केलेलं उत्तर आहे. (पूर्णांकांत पडत नाहीत, एवढं मात्र त्यात लिहायला लाव. वर्गमुळं वापरून पडतात, पण तो दहावीचा विषय.) काल त्याने लिहिलेलं वाक्य आणि हे वाक्य अक्षरशः एकच आहे, पण कालच्या वाक्यामागे फक्त कंटाळा होता. तुम्हा तिघींचे चेहरे मी बघितलेत, "पडत नाहीत" हे पहिल्यांदा खात्रीने म्हणता आलं तेव्हाचे. जमलेल्या गणितापेक्षा त्या दिवशी तुम्ही जास्त फुशारलेल्या होतात.

संख्या मोठ्या झाल्या की जोड्यांची यादी लांबते. तेव्हा दहावीतला विवेचक कामाला येतो. मधल्या संख्येचा वर्ग घ्यायचा आणि त्यातून टोकांच्या गुणाकाराची चौपट वजा करायची. आपल्या गणितात 49 + 480 = 529, आणि 529 म्हणजे 23 चा वर्ग. पूर्ण वर्ग आला, अवयव पडणार. 11x वाल्या गणितात 121 + 480 = 601. 24 चा वर्ग 576, 25 चा 625, 601 कुठेच बसत नाही, पडणार नाहीत. आणि तो 23 आला कुठून? 15 आणि 8 ची बेरीज. फरक 7, बेरीज 23, एवढं कळलं की जोडी तोंडीच निघते. पण हे त्याला आत्ता सांगू नकोस. आधी महिनाभर जोड्या लिहू दे.

जोडी सापडल्यावर मुलं पुस्तक मिटायच्या घाईत असतात आणि नेमकी पुढच्याच ओळीत घसरतात.

6x² + 15x − 8x − 20

पहिल्या दोघांतून 3x सामाईक काढलं, 3x(2x + 5). पुढच्या दोघांतून −4 काढायचं. इथे −20 चं चिन्ह बदलायला विसरतात आणि −4(2x − 5) लिहून मोकळे होतात. मग एका कंसात 2x + 5, दुसऱ्यात 2x − 5. काही पोरं त्यावरही गप्प न बसता कसंतरी जुळवून उत्तर लिहितात! त्याला पक्कं सांग, मधलं पद बरोबर फुटलं असेल तर दोन कंस सारखे यावेच लागतात. नाही आले तर चूक एक तर चिन्हात आहे, नाहीतर जोडीत. वजा बाहेर काढला की आतली दोन्ही चिन्हं बदलतात, −4(2x + 5). आता कंस जुळले: (2x + 5)(3x − 4).

त्याला एकदा उलट क्रमानेही करून बघू दे, 6x² − 8x + 15x − 20. आता 2x(3x − 4) + 5(3x − 4). उत्तर तेच, पण सामाईक कंस दुसराच निघाला. "आधी 15 लिहू की 8?" असं विचारत वर्गात रांगा लागायच्या. एकदा दोन्ही तऱ्हेने केलं की हा प्रश्न परत कुणी विचारत नाही.

पडताळा कसा घ्यायचा? बरीच मुलं x = 1 ठेवतात, सोपं असतं म्हणून. 6 + 7 − 20 = −7, आणि 7 × (−1) = −7. जमलं. पण यावर फार विसंबू नका. (6x + 1)(x − 2) हे साफ चुकीचं उत्तर आहे, तरी x = 1 ला तेही 7 × (−1) = −7 देतं. एक किंमत जुळली नाही तर उत्तर नक्की चूक, पण जुळली म्हणून नक्की बरोबर नाही. मी x = 10 ठेवायला सांगायची, कारण दहाने गुणायला कष्ट नाहीत आणि चुका लपत नाहीत. 600 + 70 − 20 = 650. कंस 25 आणि 26. 25 × 26 = 650. ते चुकीचं उत्तर 61 × 8 = 488 देईल आणि लगेच पकडलं जाईल. अगदी पक्की खात्री हवी तर कंस पुन्हा गुणायचेच, त्याला पर्याय नाही.

आणखी एक सवय लाव. सुरुवातीलाच सगळ्या पदांत काही सामाईक आहे का ते बघायचं. 12x² + 14x − 40 आलं तर आधी 2 बाहेर, 2(6x² + 7x − 20), मग आतलं. तसं न करता गणित सोडवलं तर जोडी 480 मध्ये शोधावी लागते आणि शेवटी (2x + 5)(6x − 8) वर थांबून मूल खूश होतं. 6x − 8 मध्ये अजून 2 शिल्लक आहे, अवयव पुरते पडलेले नाहीत. आणि तो 2 उत्तरात राहिला पाहिजे. दहावीत वर्गसमीकरण सोडवताना पूर्ण समीकरणाला 2 ने भागलं तर चालतं, कारण उजवीकडे शून्य असतं. राशीला भागून टाकलं तर राशीच बदलते. दहावी झालेली मुलं नववीच्या भावंडाला शिकवताना हा घोळ हमखास घालतात. त्याला घरी कुणी शिकवत असेल तर तेवढं लक्ष ठेव.

एवढं झालं की त्याला गंमत म्हणून हे घाल: 5x² + 11x + 3. तिन्ही सहगुणक विषम. त्याला जोड्या न लिहिता सांगता येतं का बघ. 5 × 3 = 15, विषम. दोन संख्यांचा गुणाकार विषम असेल तर दोन्ही विषमच, आणि दोन विषमांची बेरीज किंवा फरक नेहमी सम. पण मधला 11 विषम आहे. म्हणजे पूर्णांकांत अवयव पडणारच नाहीत. तिन्ही विषम दिसले की पेन उचलायचीही गरज नाही. तुम्ही तिघी मधल्या सुट्टीत एकमेकींना अशीच फसवी गणितं घालायचात, मला स्टाफरूमच्या खिडकीतून ऐकू यायचं.

त्याला ते पचलं, तर एखाद्या रविवारी x⁴ + 4 दे. तो म्हणेल, "यात मधलं पदच नाही, फोडू काय?" इथे पुसलेली ओळ जरा जास्तच पुसलेली आहे. मधल्या पदांनी एकमेकांना पूर्ण खाऊन टाकलंय, 7x सारखं काही उरलंसुद्धा नाही. ते परत आणायचं: 4x² मिळवायचे आणि 4x² वजा करायचे.

x⁴ + 4x² + 4 − 4x²

पहिली तीन पदं म्हणजे (x² + 2) चा वर्ग, शेवटचं पद म्हणजे 2x चा वर्ग. दोन वर्गांची वजाबाकी आली, आणि ती तर त्याला आठवीपासून येते:

(x² + 2x + 2)(x² − 2x + 2)

फ्रेंच गणिती सोफी जर्मेन (1776–1831) हिच्या नावाने ही नित्य समानता ओळखली जाते. x च्या जागी 3 ठेवला तर 85, म्हणजे 17 × 5. 5 ठेवला तर 629. हा 629 मूळ संख्या आहे का, असं कुणी अचानक विचारलं तर कागद घेऊन बसावं लागतं, पण इथे 37 × 17 आपोआप समोर येतं. x ला 1 सोडून पुढची कुठलीही नैसर्गिक संख्या द्या, x⁴ + 4 कधीच मूळ संख्या येत नाही, कारण दोन्ही कंस 1 पेक्षा मोठे असतात. x = 1 ला तेवढा दुसरा कंस 1 होतो आणि उत्तर 5 येतं.

तुम्हा तिघींना मात्र मी 4x⁴ + 1 देते. तुम्ही आधी, मुलगा नंतर. उत्तर लिहीत नाही. बरोबर आलं असेल तर x = 10 ठेवल्यावर एक कंस 221 येईल आणि दुसरा 181.

तुमच्या,
बाई